ब्रॅकेटचं वरचं टोक

भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपमध्ये शिरलात तर एखाद्या खांबाला, डोक्याच्या बऱ्याच वर, एक जाड लोखंडी प्लेट बाहेर आलेली दिसते. प्लेट कडेवर उभी असते. पुढच्या टोकाला भोक, भोकात शॅकल आणि शॅकलला चेन पुली ब्लॉक. मशीनवर जॉब चढवायला, टेम्पोतून मोटर उतरवायला, डाय उचलायला ती रोज वापरात असते. खाली माणसं वावरतात. मालकाला विचारलं की हे किती वजन घेतं, तर उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं : ‘एक टनाची पुली आहे, प्लेट दहा एमएमची आहे, दोन्ही बाजूंनी फुल वेल्डिंग केलंय.’

या उत्तरात पुलीचा आकडा आहे, प्लेटच्या जाडीचा आहे. पण ज्याच्यावर सगळं लटकलेलं आहे त्या वेल्डिंगचा एकही आकडा नाही. प्लेट वाकायला लागली तर निदान दिसते, पुलीवर कंपनीने क्षमता छापलेली असते. वेल्डवर काहीच छापलेलं नसतं आणि तो तुटतो तेव्हा फारशी पूर्वसूचना न देता तुटतो. म्हणून त्याचं गणित करायला हवं. हे गणित दहावीच्या भूमितीपलीकडे जात नाही, आणि एकदा समजलं की ब्रॅकेटकडे पाहायची नजरच बदलते.

उदाहरणासाठी एक नेहमीचा ब्रॅकेट घेऊ. प्लेट १० मिमी जाड. खांबाला जिथे टेकते तिथे तिची उभी उंची १५० मिमी, म्हणजे सहा इंच. दोन्ही बाजूंनी खालपासून वरपर्यंत फिलेट वेल्ड, ६ मिमीचा. वर्कशॉपच्या भाषेत दोन सूत. शॅकलचं भोक खांबाच्या पृष्ठभागापासून २५० मिमी बाहेर. वजन एक टन, म्हणजे हिशेबाला सोयीचे दहा हजार न्यूटन. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार, एवढं लक्षात ठेवलं की पुढे अडणार नाही.

आधी वेल्डच्या आत डोकावू. प्लेट आणि खांब यांच्यामध्ये जो काटकोनी कोपरा होतो तो वितळलेल्या धातूने भरला की आडव्या छेदात एक त्रिकोण दिसतो. त्रिकोणाची एक बाजू प्लेटवर, दुसरी खांबावर. या दोन बाजूंना वेल्डचे पाय म्हणतात. ६ मिमीचा वेल्ड म्हणजे दोन्ही पाय ६ मिमी. तिसरी, तिरकी बाजू म्हणजे आपल्याला बाहेरून दिसणारा वेल्डचा चेहरा. आता आतल्या कोपऱ्यापासून, म्हणजे वेल्डच्या मुळापासून, या चेहऱ्यापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर मोजा. ते पायाच्या ०.७ पट भरतं. ६ मिमीच्या वेल्डला ४.२ मिमी. हाच वेल्डचा थ्रोट. धातूची जाडी इथे सगळ्यात कमी, म्हणून तुटायची वेळ आली की वेल्ड साधारण याच तिरक्या पातळीवर फाटतो. ताकदीच्या हिशेबात पाय धरायचा नसतो, थ्रोट धरायचा असतो. वेल्डरने वर फुगवटा दिला असेल तर तोही धरायचा नाही. उलट चेहरा आत दबलेला, खोलगट असेल तर पाय ६ मिमी मोजूनही थ्रोट ४.२ भरत नाही. म्हणून तपासताना पायाचं गेज लावून थांबू नये, थ्रोटचंही लावावं.

थ्रोटचं एकूण क्षेत्रफळ काढू. एका बाजूला १५० मिमी लांब, ४.२ मिमी रुंद. दोन बाजू मिळून १२६० चौरस मिमी. दहा हजार न्यूटन त्यावर वाटले तर प्रत्येक चौरस मिमीवर जेमतेम आठ न्यूटन येतात. पाऊण किलोच्या थोडं वर. असा वेल्ड याच्या वीसपट भार सहज सोसेल असं वाटतं, आणि ‘फुल वेल्डिंग केलंय’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात नकळत हेच गणित असतं. वजन खांबाला अगदी चिकटून लटकत असतं तर ते बरोबरही ठरलं असतं.

पण वजन खांबापासून पाव मीटर दूर आहे. ते प्लेटला नुसतं खाली ओढत नाही, खांबावरून फिरवून सोलून काढायला पाहतं. अंगणाच्या लोखंडी फाटकाचं बघा. पोरं फाटकाच्या टोकाला लोंबकळली की नेहमी वरचीच बिजागरी खांबातून उखडते. खालची उलट खांबात दाबली जाते. ब्रॅकेटच्या वेल्डचंही असंच होतं. वरचा अर्धा भाग खांबापासून बाहेर ओढला जातो, खालचा अर्धा खांबावर दाबला जातो आणि बरोबर मध्यावर हा परिणाम शून्य असतो. मध्यापासून वर जाऊ तसतशी ओढ समप्रमाणात वाढत जाते आणि अगदी वरच्या टोकाला ती कमाल होते.

ही ओढ किती? दहा हजार न्यूटन गुणिले २५० मिमी म्हणजे पंचवीस लाख न्यूटन-मिमीचा पीळ. तो पेलणारे दोन हात म्हणजे वेल्डचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग. प्रत्येक भाग ७५ मिमी उंचीचा. ओढ मध्याला शून्य आणि टोकाला कमाल अशी त्रिकोणी वाढत असल्यामुळे प्रत्येक भागाचं एकत्रित बल मध्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे ५० मिमीवर लागतं. वरचं ५० आणि खालचं ५०, दोन बलांमधलं अंतर १०० मिमी. पंचवीस लाखाला शंभरने भागा : पंचवीस हजार न्यूटन. एक टनाचं वजन लटकवल्यावर वेल्डचा वरचा अर्धा भाग अडीच टनाच्या ओढीने खांबापासून सुटू पाहतो! या वरच्या अर्ध्याचा थ्रोट दोन्ही बाजू मिळून ६३० चौरस मिमी. पंचवीस हजार भागिले ६३० म्हणजे सरासरी जवळपास ४० न्यूटन. आणि त्रिकोणी वाटणीत कमाल सरासरीच्या दुप्पट, म्हणून टोकाला ७९ न्यूटन प्रति चौरस मिमी.

वरच्या टोकाच्या त्या एका चौरस मिमीवर आता दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. खालच्या दिशेने आठ न्यूटन, बाहेरच्या दिशेने ७९ न्यूटन. दोन्ही दिशा काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरस लावायचा : आठचा वर्ग, ७९चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ८०. पाऊण किलोच्या ठिकाणी आठ किलो निघाले, दहापट. आणि ज्या सरळ भाराचा विचार सगळे करतात त्याचा यातला वाटा इतका किरकोळ, की तो सोडून दिला तरी उत्तरात एका न्यूटनाचाही फरक पडत नाही.

ही दहापट योगायोगाची नाही. अशा दोन उभ्या वेल्डच्या ब्रॅकेटला हे गुणोत्तर सरळ मिळतं : वजनाचं खांबापासूनचं अंतर घ्या, त्याला सहाने गुणा, वेल्डच्या उंचीने भागा. २५० गुणिले सहा भागिले १५०, उत्तर दहा. गिऱ्हाइकाने ‘हूक जरा सहा इंच बाहेर घ्या’ म्हटलं की अंतर ४०० होतं आणि दहाचे सोळा होतात. वजन तेच, प्लेट तीच, रॉड तितकेच.

इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलेल्या वाचकाला इथे एक शंका येईल. वरचं टोक बाहेर ओढलं जातंय, मग हा ताण खेचाचा झाला. त्याला कातरताण का म्हणायचं? तिरक्या थ्रोटवर ही ओढ प्रत्यक्षात दोन भागांत विभागते : काही भाग त्या पातळीला काटकोनात खेचतो, काही भाग तिच्यावरून सरकवतो. युरोपातल्या मानकात हे दोन्ही वेगळे काढण्याची पद्धत दिलेली आहे. मशीन डिझाइनच्या पाठ्यपुस्तकात आणि रोजच्या कामात मात्र सोपी वाट धरतात. बल कुठल्याही दिशेने येवो, ते सगळं थ्रोटवरचा कातरताण आहे असं मानायचं आणि वेल्डच्या कातरण्याच्या ताकदीशी ताडायचं. पोलाद खेचापेक्षा कातरण्यात लवकर हार मानतं, त्यामुळे या सोप्या वाटेने चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. ब्रॅकेटसारख्या कामाला माझ्या मते हीच पद्धत योग्य. तिचं उत्तर कागदाच्या अर्ध्या पानात मिळतं आणि ते दुसऱ्याला पडताळून पाहता येतं.

आता हे ८० न्यूटन चालतील का? भारतीय मानक ब्युरोचं आयएस ८०० : २००७ हे पोलादी बांधकामाचं मानक आहे. त्याप्रमाणे नेहमीच्या एमएस प्लेटची कमाल ताकद ४१० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली, तर फिलेट वेल्डच्या थ्रोटवर कारखान्यात केलेल्या वेल्डला १८९ आणि जागेवर केलेल्या वेल्डला १५८ न्यूटन मान्य होतात. हा फरक उगाच ठेवलेला नाही. टेबलावर प्लेट आडवी ठेवून केलेला वेल्ड आणि शिडीवर चढून, एका हाताने खांब धरून, उभ्या दिशेने केलेला वेल्ड एका गुणवत्तेचे नसतात. आपला ब्रॅकेट उभ्या असलेल्या खांबाला बसवलेला आहे, म्हणून आपल्याला १५८ हाच आकडा धरायला हवा.

दुसऱ्या बाजूला भारही वाढवून धरावा लागतो. मानकाचा भारासाठीचा गुणक दीड आहे. शिवाय हाताने चालवायच्या क्रेनला धक्क्यापोटी दहा टक्के वाढवायला सांगितलेले आहेत. साखळी ओढताना भार हिसके देतच वर जातो, तेव्हा चेन पुलीलाही तेच लावू. ८० गुणिले १.६५ म्हणजे १३२. मर्यादा १५८. ब्रॅकेट पास.

कागदावर पास. प्रत्यक्षात वेल्डच्या दोन्ही टोकांना पूर्ण आकार नसतो. रॉड टेकवतो तिथे धातू नीट मुरलेला नसतो आणि उचलतो तिथे खड्डा पडतो. म्हणून कोपऱ्याला वळसा न घातलेल्या वेल्डमध्ये प्रत्येक टोकाचे साधारण पायाइतके मिमी हिशेबातून वजा करायची रीत आहे. १५० मधून १२ गेले, उरले १३८. तेच गणित पुन्हा केलं की टोकाचा ताण ८० वरून ९४ वर जातो, आणि गुणक लावून १५५. मर्यादा १५८! पास हा शब्द अजून लावता येतो, पण हाताशी काही शिल्लक राहिलेली नाही.

आता एक गोष्ट जवळून पाहू, कारण बरेच ब्रॅकेट इथे मार खातात. गॅस कटरने कापलेली प्लेटची कड सरळ नसते. ती ग्राइंडरने साफ न करता खांबाला टेकवली तर वर टेकते, खाली टेकते आणि मधे फट राहते. किंवा उलट, खाली टेकते आणि वर दोन मिमी उजेड दिसतो. वेल्डर टॅक मारतो, मग रॉड फिरवतो आणि फट धातूखाली दडून जाते. बाहेरून गेज लावलं की पाय ६ मिमी दिसतो. पण त्या ६ मधले पहिले दोन मिमी नुसत्या फटीवरून गेलेले आहेत, त्यांनी प्लेटला धरलेलंच नाही. खरा पाय चार, थ्रोट २.८. थ्रोट दोन तृतीयांश झाला की ताण दीडपट होतो. १५५ चे दोनशेच्या बरेच वर. मर्यादा केव्हाच ओलांडली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वेल्ड तोच, तसाच चकचकीत. फिलेट वेल्डची तपासणी वेल्ड झाल्यावर नव्हे, टॅक मारल्यावर करावी ती यासाठी. फटीत बॅटरीचा उजेड मारून पाहायला अर्धा मिनिट लागतं. फट राहणारच असेल तर वेल्डचा पाय तेवढ्या मिमीने वाढवून घ्यायचा.

आता सुधारणा कशी करायची? बहुतेकांचा पहिला विचार जाड वेल्ड मारण्याचा असतो, आणि इथे मला जरा ठासून सांगायचं आहे, कारण रॉड, मजुरी आणि सुरक्षितता तिन्ही इथे वाया जातात. समजा ६ मिमीऐवजी ८ मिमीचा वेल्ड केला. थ्रोट एक तृतीयांशाने वाढला, ताण ८० वरून ६० वर आला. पण त्रिकोणाचं क्षेत्रफळ पायाच्या वर्गाने वाढतं, म्हणून लागलेला धातू पावणेदोनपटीच्या वर गेला. आता तितकाच, किंबहुना थोडा कमी धातू दुसरीकडे खर्च करू. वेल्ड ६ मिमीचाच ठेवायचा, पण खांबाजवळ प्लेटची उंची १५० ऐवजी २५० मिमी घ्यायची. पुढे ती निमुळती कापली तरी चालेल. ताण ८० वरून २९ वर येतो! कारण उंची वाढली की ओढ पेलणाऱ्या दोन बलांमधलं अंतर वाढतं आणि पेलणारा धातूही वाढतो. दोन्ही फायदे एकमेकांशी गुणले जातात. उंची दुप्पट केली तर वाकण्याचा ताण चौथाईवर येतो. जाडी दुप्पट केली तर तो फक्त निम्मा होतो आणि धातू चौपट लागतो. शिवाय जाड वेल्डला उष्णता जास्त, प्लेट ओढली जाते, वाकडी होते. प्लेटचे चार इंच जास्तीचे घेणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

वरच्या टोकाचा प्रश्न मात्र उंची वाढवूनही उरतो. कमाल ताण जिथे आहे तिथेच वेल्डर रॉड सुरू करतो किंवा संपवतो, म्हणजे सगळ्यात जास्त भार सगळ्यात कच्च्या जागेवर. त्यावर उपाय मानकातच दिलेला आहे : फिलेट वेल्ड टोकाला न थांबवता कोपऱ्यावरून वळवून घ्यायचा, निदान पायाच्या दुप्पट लांबीपर्यंत. ६ मिमीच्या वेल्डला १२ मिमी. वाकवणारा भार असेल तिथे खेच येणाऱ्या टोकाला हे विशेष महत्त्वाचं, असं मानक मुद्दाम सांगतं. आपली प्लेट फक्त १० मिमी जाडीची आहे, त्यामुळे वरची कड पूर्ण वेढून एका बाजूचा वेल्ड दुसऱ्या बाजूला नेऊन मिळवावा. सुरुवात आणि शेवट खालच्या अर्ध्यात, दाबाच्या बाजूला ठेवावा. वेल्डरला एवढं सांगितलं तर तो आनंदाने करतो. कोणी सांगत नाही, हीच अडचण आहे.

आतापर्यंत वजन सरळ खाली लटकतंय असं धरलं. वर्कशॉपमध्ये ते तसं लटकत नाही. जॉब ब्रॅकेटच्या बरोबर खाली नसतो. तो दोन हात बाजूला असतो, आणि साखळी तिरकी करून तिथूनच उचलायला सुरुवात होते. ही बाजूची ओढ ब्रॅकेटला सगळ्यात वाईट सोसते. उभ्या भाराला तोंड द्यायला वेल्डकडे १५० मिमीची उंची होती. आडव्या भाराला तोंड देताना दोन वेल्डमधलं अंतर तेवढं हाताशी असतं, आणि ते म्हणजे प्लेटची जाडी, १० मिमी. मूळ ब्रॅकेटवर फक्त एक हजार न्यूटनाची, शंभर किलोची, बाजूची ओढ धरू. २५० मिमीच्या हाताने ती अडीच लाख न्यूटन-मिमीचा पीळ देते. ढोबळ हिशेबाने एका वेल्डवर ४० न्यूटन प्रति चौरस मिमी खेच येतो. एक टनाच्या उभ्या भाराने ८० आणि शंभर किलोच्या आडव्या ओढीने ४०! शिवाय दोन्ही खेच वरच्या टोकाला एकाच दिशेने, खांबापासून बाहेर. बेरीज थेट १२०. सगळे गुणक लावले की मूळ ब्रॅकेट सपशेल नापास होतो.

म्हणून तिरकं उचलायचं नाही हा नियम पुलीच्या साखळीसाठी जितका, तितकाच ब्रॅकेटसाठी आहे. तरीही माणसं ओढणारच, हे धरून ब्रॅकेट बनवावा. उभ्या प्लेटच्या वरच्या कडेवर शंभर मिमी रुंदीची आडवी पट्टी बसवून तीही खांबाला वेल्ड करावी. छेद इंग्रजी टी अक्षरासारखा होतो. मग आडव्या ओढीसमोर १० मिमीऐवजी शंभर मिमीचा पसारा उभा राहतो आणि वरच्या टोकालाही, जिथे खरी गरज आहे तिथेच, जास्तीचा वेल्ड मिळतो.

या सगळ्या गणिताची एक मर्यादा आहे आणि ती खांबात आहे. खांबाचा पृष्ठभाग जराही हलत नाही असं आपण धरलं. आय सेक्शनचा गर्डर असेल आणि ब्रॅकेट त्याच्या मधल्या उभ्या प्लेटच्या बरोबर रेषेत असेल तर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. पण हल्ली शेड चौकोनी पाइपच्या खांबांवर उभ्या राहतात. पाइपची भिंत चार-पाच मिमीची, आणि ब्रॅकेट तिच्या अगदी मधोमध. वरचं टोक ओढलं की भिंतच बाहेर फुगते, वेल्डच्या आधी ती फाटू शकते. अशा ठिकाणी वेल्ड कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आधी पाइपला दोन्ही कडांपर्यंत पोहोचणारी जाड प्लेट वेल्ड करून घ्यावी आणि ब्रॅकेट तिच्यावर बसवावा.

लावलेला ब्रॅकेट तपासायचा असेल तर कुठे पाहायचं हे आता उघड आहे. वरची दोन टोकं. चीर बहुतेक तिथेच सुरू होते, आणि सुरुवातीला ती रंगाखाली असते. रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून उतरलेला तांबडा गंज दिसला तर तो नुसता जुना रंग समजू नये. आतलं लोखंड उघडं पडून हवा-पाणी लागल्याशिवाय गंज रेघेतून झिरपत नाही. रंग खरवडून, वायर ब्रशने साफ करून तिथे डाय पेनिट्रंट टेस्ट करावी, वर्कशॉपमध्ये तिला डीपी म्हणतात. लाल रंगाचा पातळ द्रव लावायचा, सांगितलेला वेळ थांबायचं, पुसायचा, मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तिन्ही स्प्रे कॅन बाजारात मिळतात आणि टेस्ट अर्ध्या-पाऊण तासात होते. चीर सापडली तर तिच्यावरून आणखी एक वेल्ड फिरवू नये. खालची चीर तशीच राहते आणि नव्या धातूत वर चढते. तो भाग ग्राइंडरने पूर्ण काढून, पुन्हा डीपी करून, मगच भरावा.

आपल्या उदाहरणातल्या ब्रॅकेटचं शेवटी असं करावं : खांबाजवळ २५० मिमी उंची, ६ मिमीचाच वेल्ड, कड ग्राइंड करून फट बंद, वरच्या कोपऱ्यावरून वळसा, वर शंभर मिमीची आडवी पट्टी. ती पट्टी हिशेबात धरलीच नाही, तरी शंभर किलोच्या बाजूच्या ओढीसकट टोकाचा ताण ५३ न्यूटन निघतो. गुणक लावून ८७, मर्यादेच्या निम्म्याच्या थोडा वर. कुठे फट राहिली, एखाद्या टोकाला धातू कमी पडला, तरी तो सावरून घेईल.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे भार उचलण्याच्या यंत्राचे सगळे भाग, हलणारे आणि पक्के बसवलेले दोन्ही, बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून बारकाईने तपासून घ्यावे लागत. पुली ब्लॉक त्या व्याख्येत येत असे. पुढच्या वेळी अशी तपासणी होईल तेव्हा पुली आणि साखळी खाली उतरवून दाखवण्यावर भागवू नका. शिडी लावा, ब्रॅकेटच्या वरच्या दोन टोकांवरचा रंग खरवडून ठेवा आणि तपासणाऱ्याला वर चढून ती टोकं पाहायला सांगा.